आई-बाबांच्या हाती घराची किल्ली

मे महिना उजाडला की मुंबईहून म्युनिकला येणाऱ्या विमानांमधून पासष्टी-सत्तरीची बरीच जोडपी उतरताना दिसतात. गळ्यात पासपोर्टची पिशवी, हातातल्या बॅगेत लोणच्याच्या बरण्या, आणि मुलगा किंवा मुलगी दारापाशी उभी असेल ना, ही नजरेतली काळजी. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्यामुळे बहुतेक आई-बाबा दोन ते तीन महिन्यांसाठी येतात, आणि येण्याआधीच मुलांनी नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, साल्झबुर्ग, एखादी स्वित्झर्लंडची सहल असा बेत आखून ठेवलेला असतो.

तो बेत दहा-बारा दिवसांत संपतो. उरलेले साठ-पासष्ट दिवस साधे असतात. सोमवार ते शुक्रवार मुलगा-सून सकाळी साडेआठला बाहेर पडतात आणि संध्याकाळी सहाला परत येतात. मधल्या वेळात एका बंद सदनिकेत दोन माणसं असतात, ज्यांनी आयुष्यभर बँक, भाजी, दवाखाना, नातेवाईक सगळं स्वतः सांभाळलेलं असतं. आणि इथे साध्या पाव आणण्यासाठीही त्यांना कुणाची तरी वाट पाहावी लागते. परक्या शहरात आई-बाबांना मोकळं वाटतंय की नाही, हे किती स्थळं पाहिली यावर ठरत नाही. कुणाला न विचारता, कुणाची वाट न पाहता दिवसभरात ते स्वतः किती गोष्टी करू शकतात, यावर ते ठरतं. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत आपला वेळ फिरवण्यापेक्षा या गोष्टी हाती देण्यात घालवावा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात दारापासून

जर्मनीतल्या बहुतेक सदनिकांच्या दाराला बाहेरच्या बाजूने फिरणारी मूठ नसते, नुसता एक घट्ट बसवलेला गोळा असतो. दार ओढलं गेलं की ते बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. आपल्याकडे लॅच असतं हे खरं, पण दिवसा दार लोटून शेजारी डोकावण्याची किंवा कचरा ठेवायला दोन पावलं बाहेर जाण्याची सवय असते. इथे आजी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली जातात, वाऱ्याने दार लागतं, आणि किल्ली, फोन, चश्मा सगळं आत राहतं. गॅसवर किंवा शेगडीवर काही ठेवलेलं असेल तर प्रकरण गंभीर होतं. कुलूपवाल्याला बोलावलं तर खर्चही मोठा येतो, सुट्टीच्या दिवशी तर फारच.

यावर उपाय साधा आहे. दोघांसाठी दोन स्वतंत्र किल्ल्या करून घ्याव्यात आणि आई-बाबा येतील त्याच दिवशी त्यांच्या हातात द्याव्यात. आईच्या किल्लीला गळ्यात अडकवता येईल अशी दोरी असावी. एक जादा किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवावी आणि त्या शेजाऱ्याशी आई-बाबांची ओळख करून द्यावी. मग दार आतून उघडणं, बाहेर येऊन ते लावून घेणं आणि किल्लीने पुन्हा उघडणं, हे त्यांच्याकडून चार-पाच वेळा करून घ्यावं. काही कुलपांत किल्ली फिरवताना दार थोडं आपल्याकडे ओढावं लागतं, ते हाताला बसेपर्यंत सराव हवा.

दुसरी अडचण खालच्या दारावरची. इथल्या इमारतींत सदनिकेला बहुधा क्रमांक नसतो, घंटीच्या फलकावर नुसती आडनावं असतात. पत्ता म्हणजे रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव. बाबांना 'बी विंग, ३०४' हे शोधायची सवय असते, आणि इथे वीस-पंचवीस रोमन आडनावांमध्ये आपलं कुठे आहे ते दिसत नाही. घंटीशेजारी एक लहानसा रंगीत ठिपका चिकटवला की तो प्रश्न उरत नाही.

न्हाणीघरही पहिल्याच दिवशी नीट दाखवावं. फरशीला पाणी वाहून जायला मोरी नसते, अंघोळ टबात उभं राहून करायची असते आणि टबाची कड गुडघ्याएवढी उंच असते. ओल्या पायाने ती ओलांडणं हे सत्तरीच्या माणसासाठी घरातलं सर्वांत धोक्याचं काम आहे. टबात रबरी चटई, भिंतीला पक्का दांडा, बसायला छोटं स्टूल आणि बादली-तांब्या, एवढी तयारी त्यांच्या येण्याआधी झालेली असावी.

एकच रस्ता, पुन्हा पुन्हा

फिरायला जाण्यासाठी पहिल्या दिवसापासून मोठी बाग शोधू नये. घरापासून निघून घरीच येणारी, वीस-पंचवीस मिनिटांची एक फेरी ठरवावी आणि पहिला आठवडा तेवढीच करावी. पहिल्या दोन-तीन वेळा आपण पुढे चालावं. नंतर आई-बाबांना पुढे चालू द्यावं आणि आपण चार पावलं मागे राहावं, ते चुकले तरी लगेच टोकू नये. त्यानंतर आपण घरीच थांबावं. रस्त्यांची नावं लांबलचक असतात, ती पाठ करून घेण्यात अर्थ नाही. वळणाच्या जागी काय दिसतं ते सांगावं: पिवळी टपालपेटी आली की डावीकडे, बेकरीच्या कोपऱ्यावर पुन्हा डावीकडे, ट्रामचा थांबा दिसला की आपली गल्ली. सगळी वळणं एकाच बाजूची असतील अशी फेरी निवडली तर आणखी सोपं.

रस्ता ओलांडताना शरीराची सवय आड येते. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात, म्हणून पाऊल टाकण्याआधी मान आपोआप उजवीकडे वळते. इथे पहिली गाडी डावीकडून येते. साठ वर्षांची सवय एका सूचनेने जात नाही, त्यामुळे सिग्नल असलेल्या जागीच ओलांडायचं हा नियम पहिल्या महिन्यात पाळावा. त्याहून मोठा धोका सायकलींचा असतो. म्युनिकमध्ये पुष्कळ ठिकाणी पदपथावरच सायकलींसाठी वेगळा पट्टा आखलेला असतो, कुठे रंगाने वेगळा, कुठे नुसती एक रेघ. सायकली वेगात आणि आवाज न करता येतात, आणि पट्ट्यावर कुणी चालत असेल तर घंटी वाजवून रागावतात. रंग आणि रेघा समजावत बसण्याऐवजी 'घरांच्या भिंतीकडची बाजू आपली' एवढंच सांगावं. दोघं शेजारी-शेजारी चालताना एकजण नकळत पट्ट्यावर जातो, म्हणून अरुंद जागी एकामागे एक चालायची सवय लावावी.

या फेरीत दोन गोष्टी आपण आधी पाहून ठेवायला हव्यात: बसायला बाक कुठे कुठे आहे आणि स्वच्छतागृह कुठे आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल आई-बाबा सहसा बोलत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं, आणि बाहेर सोय होईल की नाही या धास्तीने आई फिरायच्या आधी पाणीच पीत नाही, किंवा ती गोळीच टाळते. काही ठिकाणी आत जायला नाणं लागतं. बाबांच्या खिशात पन्नास सेंटची चार-पाच नाणी कायम असावीत आणि वाटेतली जागा आईला प्रत्यक्ष दाखवलेली असावी. एवढ्याने फिरण्याचा पल्ला वाढतो.

फेरी अंगवळणी पडली की पुढचा टप्पा बसचा किंवा भुयारी रेल्वेचा. इथे फलाटावर जायला अडवणारा दरवाजा नसतो, पण कागदी तिकीट घेतलं तर बहुतेक वेळा ते छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारावा लागतो. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तर तपासनीस ६० युरो दंड लावू शकतो. वडिलधाऱ्या माणसाला चार लोकांत 'बिनतिकीट' ठरल्याचा जो धक्का बसतो, त्यानंतर ते एकटे प्रवासच करत नाहीत. त्यापेक्षा राहण्याच्या महिन्यांपुरतं देशभर चालणारं मासिक 'डॉइचलांड-टिकेट' काढावं. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून थांबवायच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करायला विसरू नये.

मग जायला एक खास जागा सुचवते. १९८३ साली म्युनिकमध्ये आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरलं, त्यासाठी वेस्टपार्क ही बाग तयार झाली. यू-६ या मार्गावर त्याच नावाचं स्थानक आहे. बागेत नेपाळी कारागिरीचा लाकडी पॅगोडा आहे, पाण्याच्या मधोमध थाई मंडप आणि त्यात बुद्धमूर्ती आहे. रस्ते सपाट आहेत, बाक भरपूर आहेत. घरापासून इतक्या दूर त्या कोरीव लाकडासमोर उभं राहिल्यावर आपल्याकडची मंडळी बराच वेळ रेंगाळतात, आणि एकदा जाऊन आल्यावर दुसऱ्यांदा आपण होऊन जातात.

भाषा शिकवू नका, एक व्यवहार शिकवा

अडीच महिन्यांसाठी आलेल्या माणसाला जर्मन शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. शब्दांची यादी दोन दिवसांत विसरली जाते. त्याऐवजी रोज घडणारा एकच व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसवावा. बेकरी त्यासाठी उत्तम. तिथे वस्तू समोर दिसतात, बोटाने दाखवता येतात आणि संवाद रोज जवळपास सारखाच असतो.

आत गेल्यावर म्हणायचं, 'ग्र्यूस गॉट'. बव्हेरियात नमस्कारासाठी हेच चालतं. मग, 'आइने ब्रेत्से, बिट्टे'. काउंटरवरची बाई ब्रेत्सेल कागदी पिशवीत घालते आणि हमखास विचारते, 'झॉन्स्ट नोख वास?' म्हणजे आणखी काही हवंय का. इथेच नवखा माणूस गडबडतो, कारण त्याने स्वतःचं वाक्य पाठ केलेलं असतं, समोरच्याचं नाही. त्याचं उत्तर, 'नाइन, दांके'. नंतर ती किंमत सांगते आणि आपण नाणी पुढे करतो. आकडे ऐकून कळायला थोडे दिवस लागतात, पण जर्मनमध्ये आपल्यासारखंच एकक आधी आणि दशक नंतर बोलतात, त्यामुळे पंचवीस-सत्तावीसची सवय असलेल्या कानाला ते इंग्रजीपेक्षा लवकर उमगतात. निघताना 'श्योनन टाग'. हा सगळा संवाद देवनागरीत एका कागदावर लिहून द्यावा, त्यात समोरच्याची वाक्यं वेगळ्या शाईने लिहावीत, आणि घरी दोन-तीनदा नाटकासारखा म्हणून घ्यावा. पहिल्यांदा जायची वेळ सकाळी दहानंतरची ठेवावी. सात-आठला कामावर जाणाऱ्यांची रांग असते आणि मागे लोक उभे असले की जीभ अडखळते.

आठवडाभर रोज तिथे गेलं की काउंटरवरची बाई चेहरा ओळखू लागते, आई-बाबा दिसताच ब्रेत्सेल उचलते. त्या शहरात त्यांना ओळखणारं, आपल्या मध्यस्थीशिवाय मिळालेलं, ते पहिलं माणूस असतं. म्हणून घरी पाव आणायचं काम आपण पूर्णपणे सोडून द्यावं आणि ते खरोखर त्यांच्यावर अवलंबून ठेवावं. फ्रिजमध्ये जादा पाव ठेवून त्यांना 'सहज जाऊन या' म्हटलं तर ते लगेच ओळखतात.

नमस्काराची गोष्ट जिन्यातही लागू पडते. इमारतीत अनोळखी माणूस दिसला तरी इथे 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, आणि न म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. आपले लोक संकोचाने नजर खाली घालतात, शेजारी ते अबोलपण समजतात, आणि दोन्हीकडून दुरावा वाढतो. बाबांनी पहिल्या दिवसापासून मोठ्याने नमस्कार करावा, महिन्याभरात कुणीतरी थांबून विचारपूस करतंच.

अडचणीच्या वेळेसाठी दोघांच्या पाकिटात एकेक छापील कार्ड हवं, फोनमध्ये नाही, कागदावर. त्यावर जर्मनमध्ये तीनच ओळी: मला जर्मन येत नाही, कृपया या क्रमांकावर माझ्या मुलीला फोन करा, माझा पत्ता असा. मागच्या बाजूला चालू औषधं आणि कशाची अॅलर्जी असल्यास ती. फोनची बॅटरी संपते, नकाशातला निळा ठिपका गोल फिरू लागला की गोंधळ वाढतो. कार्ड कुणाच्याही हातात देता येतं.

गोळ्यांचं गणित

औषधांच्या बाबतीत सगळ्यात मोठी गैरसमजूत अशी, की 'काही कमी पडलं तर तिथे घेऊ'. जर्मनीत मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड यांची कोणतीही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी इथल्या औषधाच्या दुकानात, म्हणजे आपोटेकमध्ये, चालत नाही. 'मग भावाला कुरिअर करायला सांगू' हाही मार्ग बंद आहे. युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीने टपालाने औषधं मागवायला इथे मनाई आहे, पार्सल जकातीत अडकतं. स्वतःबरोबर सामानात आणलेली, स्वतःच्या वापरापुरती औषधं मात्र चालतात, साधारण तीन महिन्यांची.

म्हणून हिशेब निघण्याआधीच करायचा. समजा, साताऱ्याहून बाबा ७५ दिवसांसाठी येणार आहेत. विमान रद्द होणं, मुक्काम लांबणं यासाठी १० दिवस जादा धरले, म्हणजे ८५ दिवस. मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा, म्हणजे १७० गोळ्या, दहाच्या १७ पट्ट्या. रक्तदाबाची गोळी रोज एक, म्हणजे ८५, पंधराच्या सहा पट्ट्या. यातल्या दहा दिवसांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, कारण मोठी बॅग कधीकधी मागे राहते. इन्सुलिन असेल तर ते सगळंच हातातल्या बॅगेत, कारण विमानाच्या पोटात गोठण्याची भीती असते आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवाव्यात, कापून सुट्या करू नयेत. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या असतील तर त्यांचे नियम कडक आहेत, त्यासाठी कागदपत्रं काय लागतात ते निघण्याआधी विचारून घ्यावं.

गावच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्यावं. त्यात औषधाचं कंपनीने ठेवलेलं नाव नव्हे, तर मूळ घटकाचं नाव आणि मात्रा हवी. आपल्याकडच्या एका गोळीत अनेकदा दोन-तीन औषधं एकत्र असतात. कंपनीचं नाव सांगितलं तर इथल्या डॉक्टरला काहीच कळत नाही. 'टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५' असं लिहिलेलं असलं की तो मिनिटभरात इथलं पर्यायी औषध लिहून देतो. तशी एकत्र गोळी इथे नसली तर दोन वेगळ्या गोळ्या मिळतील, हे आई-बाबांना आधी सांगून ठेवावं. नाहीतर 'माझी गोळी एकच होती' म्हणून ते त्यातली एकच घेतात.

आता वेळेचा गुंता. उन्हाळ्यात म्युनिक भारताच्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. बाबांची रक्तदाबाची गोळी घरी सकाळी आठला असते, म्हणजे इथले पहाटे साडेचार. वेळेच्या फरकामुळे पहिले काही दिवस त्यांना पहाटेच जाग येते, मनगटावर भारताची वेळ असते, ते उठून गोळी घेतात. मग आठला नाश्ता होतो, आई 'गोळी घेतली का' विचारते, आणि झोपेच्या गुंगीत दुसरी गोळी जाते. उठताना चक्कर आली, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी गोळ्या मोजाव्यात. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना तीन-चार तास उशिराने फरक पडत नाही. त्यामुळे विमानातून उतरल्याच्या दिवसापासून सरळ इथल्या सकाळी घ्यायला सुरुवात करावी, आणि मेटफॉर्मिन घड्याळाशी न बांधता जेवणाशी बांधावी. इन्सुलिनचं वेळापत्रक मात्र निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, ते अंदाजाने ठरवू नये.

सात दिवसांचे कप्पे असलेली डबी दर रविवारी बाबांनीच भरावी. आपण भरली तर ते 'घेतलं असेल' म्हणून सोडून देतात. रविवारी कप्प्यात गोळी उरलेली दिसली तर ती कोणत्या दिवसाची ते लगेच कळतं, विचारपूस करावी लागत नाही. रक्तदाबाचं यंत्र घरचंच आणावं, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. साखरेचं यंत्रही घरचंच आणावं, कारण जर्मनीत काही यंत्रं वेगळ्या मापात आकडा दाखवतात. १४४ ऐवजी ८ दिसलं की आई घाबरते. तो आकडा १८ ने गुणला की आपला मिळतो.

ते येण्याआधीच जवळच्या एका डॉक्टरला फोन करून पाहुण्यांना, रोख पैसे घेऊन, तपासतील का ते विचारावं. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण बहुतेक पॉलिसी अचानक उद्भवलेलं दुखणं धरतात, जुन्या आजाराची नेहमीची तपासणी धरत नाहीत. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२, आणि रात्री किंवा सुट्टीला डॉक्टर हवा पण प्रसंग तितका गंभीर नसेल तर ११६११७. हे दोन्ही आकडे फोनवर नव्हे, फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावावेत. फक्त ११२ साठी एक वाक्य पाठ असू द्यावं: पत्ता आणि 'नोटफाल', म्हणजे तातडीचा प्रसंग.

दुपारी दोन ते पाच

एकटेपणाची वेळ ओळखता येते. पहिले दोन आठवडे नवलाईत जातात. तिसऱ्या आठवड्यापासून दुपार लांबू लागते. जेवण होऊन गेलेलं असतं, मुलं यायला चार तास असतात, बाहेर रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि रविवारी तर दुकानंही बंद असतात. जूनमध्ये सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या सुमारास होतो, म्हणजे दिवस संपल्यासारखाच वाटत नाही.

याच वेळेत भारताशी बोलता येतं. इथे दुपारचे दोन म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच, चहाची वेळ, कट्ट्यावर मित्र जमण्याची वेळ. इथले साडेचार म्हणजे तिथल्या रात्री आठच्या मालिका. आपण मात्र सहाला घरी येतो आणि म्हणतो, 'चला, आता आत्याला फोन लावू.' तेव्हा भारतात साडेनऊ वाजलेले असतात आणि आत्या झोपायच्या तयारीत असते. फोन कसा लावायचा, हेडफोन कसा जोडायचा, टीव्हीवर मराठी वाहिनी कशी लावायची, हे आई-बाबांना आपल्याशिवाय जमायला हवं, कारण त्यांना माणसांची गरज असते तेव्हा आपण घरी नसतो.

फोनने सगळं भागत नाही. घरात आपला काही उपयोग आहे, ही भावनाही लागते. आईचं स्वयंपाकघर थोडं तरी तिच्या ताब्यात असावं. इथली काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते हे तिला दाखवावं. इंडक्शन असेल तर भारतातला अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही, म्हणून तळ चालणारा कुकर आधी घेऊन ठेवावा. मग दुपारचं जेवण तिच्या मनासारखं होऊ द्यावं आणि मसाल्याचा एक कप्पा तिला हवा तसा लावू द्यावा. बाबांचं अवघड असतं, कारण त्यांचा दिवस बहुधा घराबाहेर जात आलेला असतो. पाव, टपाल, बाटल्या परत देऊन अनामत रक्कम घेणं, नातीला पाळणाघरातून आणणं, असं एखादं नेमून दिलेलं काम त्यांच्याकडे असावं. पाळणाघरात मात्र आधी लेखी परवानगी द्यावी लागते, नाहीतर आजोबांच्या हाती मूल देत नाहीत. आणि नातवंडं सांभाळणं आठवड्यातले ठरावीक दिवस असावं, सगळे दिवस नाही. नाहीतर पाहुणपणाची बिनपगारी नोकरी होते.

म्युनिकमध्ये जवळपास प्रत्येक भागात ज्येष्ठांसाठी 'आल्टन- उंट झेर्विस-त्सेंट्रुम' नावाची केंद्रं आहेत. तिथे दुपारचं जेवण, हलका व्यायाम, पत्ते, गप्पा चालतात. भाषा येत नसली तरी व्यायामाच्या तासाला बसता येतं, हात वर करायला भाषा लागत नाही. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम असतात, पण ते बहुधा शनिवार-रविवारी, जेव्हा आपण घरीच असतो. त्यांचा खरा फायदा असा, की तिथे आपल्यासारखेच आई-बाबा आलेलं दुसरं घर भेटतं. दोन घरांतल्या आई-बाबांनी आठवड्यातून एकदा मंगळवारी दुपारी भेटायचं ठरवलं, की तो दिवस सुटतो.

एक गोष्ट आपल्या हातून सहज होते ती टाळावी. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर आवाज न करण्याचा नियम इथे आहे. मिक्सर, हातोडी, मोठ्याने बोलणं यावर शेजारी तक्रार करतात. हे एकदा बसून नीट सांगावं. येता-जाता 'हळू बोला' म्हणत राहिलं तर आई-बाबा हळू बोलत नाहीत, बोलणंच बंद करतात.

मन लागत नसल्याच्या खुणा बारीक असतात: तिकिटाची तारीख वारंवार विचारणं, दुपारी खूप झोपणं, फिरणं टाळणं, जेवण कमी होणं, 'आम्ही काय, घरातच बरे' असं म्हणणं. हे आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू येतं. पण एखाद्या दिवशी अचानक आई भलतंच बोलू लागली, दिवस-रात्र कळेनासं झालं, माणसं ओळखताना चुकू लागली, तर त्याला एकटेपण किंवा वय समजू नये. कमी पाणी पिणं, लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, गोळ्यांची चूक, यांमुळे वयस्कर माणसाच्या मेंदूवर एका दिवसात असा परिणाम होऊ शकतो. अशा वेळी उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेवटचं मुक्कामाबद्दल. ९० दिवस ही कायद्याने घातलेली वरची मर्यादा आहे, तेवढं राहिलंच पाहिजे असं नाही. विमानाचं तिकीट महाग म्हणून आपण तीन महिने ठरवून टाकतो. पण पुष्कळ आई-बाबांना सहा आठवडे पुरे होतात, मग घरची झाडं, शेजार, देवघर आठवू लागतं. तारीख बदलता येईल असं तिकीट काढावं. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी दोघांना वेगवेगळं विचारावं, कारण एकमेकांसमोर ते खरं सांगत नाहीत. त्यांनी लवकर परतायचं म्हटलं तर त्यात आपला पराभव नाही, त्यांचं म्हणणं मान्य करावं. परतीची वाट आपल्या हातात आहे हे एकदा कळलं की पुष्कळदा तेच म्हणतात, राहू अजून थोडे दिवस.